ज्या दिवशी ‘डॉक्टर’ खरंच डॉक्टर निघाला: क्रिप्टिक कोड्याचे नऊ महिने

११ मार्च २०२५, मंगळवार. संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये मुंब्र्याच्या अलीकडे मी इंग्रजी वर्तमानपत्रातलं क्रिप्टिक कोडं पहिल्यांदा एकटीने पूर्ण सोडवलं. सुरुवात केली होती १५ जून २०२४ ला. म्हणजे जवळजवळ नऊ महिने लागले. हे लिहितेय ते त्यांच्यासाठी, जे त्या पानावर येतात, एक क्लू वाचतात, ‘याचा अर्थ काय?’ म्हणतात आणि पान उलटतात. मी अशी पंधरा वर्षं पान उलटत होते.

मराठी शब्दकोडं मला येतं. आईबरोबर रविवारी सोडवत मोठी झाले. तिथे ‘काळा पक्षी’ असं लिहिलेलं असतं, आपण कावळा भरतो. इंग्रजी क्रिप्टिकची गोष्ट वेगळी. त्यात सरळ दिसणारं वाक्य असतं, कंसात उत्तराच्या अक्षरांचा आकडा असतो, आणि त्या वाक्याचा उत्तराशी वरवर काहीच संबंध नसतो. १५ जूनला मी दीड तास बसले. अठ्ठावीस क्लूंपैकी शून्य.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. जहाज कंपनीतून निवृत्त झालेत आणि रोज सकाळी गॅलरीत बसून हेच कोडं सोडवतात. दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र घेऊन वर गेले. काकांनी कोड्याकडे बघितलंसुद्धा नाही. एका जुन्या पाकिटाच्या मागे मराठीत लिहिलं: ‘काळा पक्षी: कशाला? मागे फिरा (3)’.

मी म्हटलं, “कावळा. पण हे पुढचं काय?”

“कशाला म्हणजे का. मागे फिरा म्हणजे वळा. का, वळा. आता सांग, उत्तर किती वेळा सांगितलंय?”

दोन वेळा. एकदा सरळ अर्थाने, एकदा तुकडे जोडून. शाळेत ‘शंकरासी पूजिले सुमनाने’ म्हणून श्लेष शिकवायचे, त्याचीच ही वात्रट चुलत बहीण. क्रिप्टिक क्लूचे असे दोन भाग असतात. एक व्याख्या, दुसरा शब्दखेळ. व्याख्या जवळजवळ नेहमी वाक्याच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी असते, मध्ये नाही. दोन्ही भागांचं उत्तर एकच येतं. अडचण एवढीच की दोघांना एका वाक्यात असं शिवलेलं असतं की सांधा दिसत नाही. काका म्हणाले, “वाक्याचा अर्थ लावू नकोस. सांधा शोध.”

मग त्यांनी इंग्रजीत पहिला क्लू लिहून दिला. या लेखातले एक सोडून सगळे नमुने काकांनी माझ्यासाठी लिहिलेल्या चिठ्ठ्यांमधले आहेत.

```
Peril in untidy garden (6)
```

माझ्या डोळ्यांसमोर माजलेली बाग आणि गवतात साप. काका म्हणाले, साप विसर, अक्षरं मोज. गार्डन या शब्दात सहा अक्षरं आहेत, कंसात सहा. आणि त्याच्या शेजारी ‘अनटायडी’, म्हणजे विस्कटलेलं. बाग विस्कटलेली नाही, अक्षरं विस्कटायची आहेत. यालाच अॅनाग्राम म्हणतात, आणि ‘विस्कट’ असं सांगणाऱ्या शब्दाला इंडिकेटर. उरलं काय? सुरुवातीला ‘पेरिल’, म्हणजे संकट, आणि मध्ये ‘इन’, जो इथे नुसता टाका आहे.

```
Peril | in | untidy GARDEN
GARDEN -> DANGER
```

मी खूश झाले. काकांनी लगेच खाली दुसरा लिहिला:

```
Male bird in untidy garden (6)
```

शब्दखेळ तोच, अक्षरं तीच, पण आता उत्तर डेंजर चालणार नाही, कारण व्याख्या नर पक्षी मागते. उत्तर गँडर, नर हंस. त्याच अक्षरांतून ‘रेंज्ड’ हा तिसरा शब्दही निघतो. व्याख्या वेगळी काढल्याशिवाय अक्षरं हलवत बसणं किती फुकट असतं, हे मला या दोन चिठ्ठ्यांनी शिकवलं. आधी सांधा, मग अक्षरं.

(मराठीत हा खेळ नीट जमत नाही. ‘नवरा’ची अक्षरं हलवून ‘वानर’ करायला जावं तर काना रा वरून उठून वा वर बसतो. काकूंचं म्हणणं, काना हलवला तरी चालेल, अर्थ तोच राहतो.)

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये १९२०च्या दशकात ही कोडी सुरू झाली तेव्हा रचणारे हवं ते करायचे. त्यातला सगळ्यात गाजलेला ‘टॉर्केमाडा’ हे टोपणनाव घ्यायचा, स्पेनमधल्या धर्मछळ करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव. त्याच्यानंतर आलेल्या ‘झिमेनीज’ने, हेही तशाच अधिकाऱ्याचं नाव, १९६६ मध्ये पुस्तक लिहून नियम पक्का केला. क्लूमध्ये अचूक व्याख्या हवी, न्याय्य शब्दखेळ हवा, आणि तिसरं काहीही नको. सगळेच रचणारे आजही तो काटेकोर पाळतात असं नाही, पण नवशिक्याला ‘तिसरं काहीही नको’ हे फार उपयोगी पडतं. याचा अर्थ वाक्यातला प्रत्येक शब्द कामावर आहे. एखादा शब्द बेकार राहिला तर आपलं उत्तर चुकलेलं असण्याची शक्यता दाट.

काकांच्या घरी चेंबर्स डिक्शनरी होती, ती त्यांचा मुलगा बंगळुरूला घेऊन गेला होता. हा शब्दकोश क्रिप्टिकवाल्यांचा लाडका, कारण त्यात चमत्कारिक, जुने, छोटे शब्द भरपूर. नवा घ्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून एका वाचनालयात सभासद व्हायला गेले. अर्ज, दोन फोटो, लाइट बिलाची प्रत, आणि जुन्या सभासदाची ओळख म्हणून सही. अनामत ५०० रुपये, महिना १०० रुपये. कार्यवाहांची सही व्हायला अकरा दिवस लागले, कारण ते फक्त गुरुवारी येत. कार्ड मिळालं आणि मग कळलं की चेंबर्स संदर्भ विभागात आहे, घरी नेता येत नाही. हे अर्ज देतानाच विचारायला हवं होतं. पुढे दोन महिने मी शनिवारी चार ते सहा तिथेच बसत होते. शेवटी सप्टेंबरमध्ये फोर्टातल्या फुटपाथवर जुनी प्रत ४०० रुपयांना मिळाली, पाठीला सेलोटेप लावलेली. एकूण खर्च म्हणाल तर हा, शिवाय ४५ रुपयांची वही.

त्या वहीत माझी पहिली मोठी चूक आहे. मी इंडिकेटर शब्दांची यादी करायला लागले. ऑगस्टअखेर अॅनाग्रामचेच दोनशेचाळीस शब्द झाले होते: तुटलेलं, वेडं, प्यालेलं, नाचणारं, शिजवलेलं, बिघडलेलं, नव्याने, वाईट रीतीने. बँकेतली सवय, सगळं रकान्यात मांडायचं. आणि यादी जेवढी वाढली तेवढी मी चुकायला लागले, कारण आता मला प्रत्येक वाक्यात इंडिकेटर दिसायला लागले.

काकांनी वही चाळली आणि एक चिठ्ठी दिली.

```
Brook upset master (6)
```

‘अपसेट’ माझ्या यादीत होताच. पण तो नेमका मध्ये बसलाय. डावीकडे ब्रुक, उजवीकडे मास्टर. विस्कटायचं कोणाला? मी ब्रुकपासून सुरुवात केली, कारण वाक्य सांगत होतं की ब्रुक नावाच्या कोणा पोराने मास्तरांना चिडवलं. काका नुसते बघत राहिले. मग मला मोजायची बुद्धी झाली. ब्रुकची अक्षरं पाच, मास्टरची सहा, कंसात सहा. म्हणजे विस्कटायचा मास्टर, आणि ब्रुक ही व्याख्या. ब्रुक म्हणजे ओढा.

```
Brook | upset MASTER
MASTER -> STREAM
```

वाक्याच्या पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असणारच. रचणाऱ्याने त्या मोठ्या अक्षराचा फायदा घेऊन ओढ्याचा माणूस केला होता. आणि ‘अपसेट’ इंडिकेटर ठरला तो यादीत होता म्हणून नाही, तर त्याच्या शेजारी बरोबर सहा अक्षरं उभी होती म्हणून. त्या दिवसापासून यादी बंद. संशयित शब्द दिसला की आधी त्याच्या दोन्ही बाजूंची अक्षरं मोजायची. एक शब्द असो वा तीन, बेरीज कंसातल्या आकड्याइतकी आली तर अॅनाग्रामचा संशय पक्का. एक-दोन अक्षरं कमी पडली तर ती कुठल्या तरी छोट्या शब्दातून येत असतील. बेरीज जुळतच नसेल तर तो शब्द कितीही वेडा, तुटका, प्यालेला असो, सोडून द्यायचा.

अक्षरं हलवताना ती ओळीत लिहू नका, गोलात लिहा. ओळीत लिहिली की डोळा जुना शब्दच वाचत राहतो. मला हे तीन आठवड्यांनी कोणी तरी गाडीत शेजारी बसून सांगितलं. ती बाई परत कधी भेटली नाही.

सप्टेंबरमध्ये लपलेले शब्द. इंग्रजीत याला हिडन म्हणतात. हा सगळ्यात सोपा प्रकार, आणि तरी माझ्या सर्वाधिक चुका इथेच, कारण उत्तर अक्षरशः डोळ्यांसमोर छापलेलं असतं. मराठीत दाखवायचं तर ‘आज गलबत’ या दोन शब्दांच्या पोटात ‘जग’ आहे. इंग्रजीत काकांची चिठ्ठी अशी होती:

```
Indian meal, partly with Alice (5)
```

मी अॅलिसबरोबर जेवायला बसले. ‘पार्टली’ वाचून थोडं जेवण, म्हणजे नाश्ता, इडली, पोहे, असं काहीबाही भरायला लागले. काकांनी एकच प्रश्न विचारला: “ही अॅलिस कुठून आली?”

हा प्रश्न मला वाटतं हिडनची किल्ली आहे. रचणाऱ्याला ठरावीक अक्षरं ओळीने हवी असतात, म्हणून वाक्यात असं कोणी तरी येतं ज्याचं तिथे काही काम नसतं. विशेषनाम, नको तिथे आलेलं विशेषण, जरा अवघडलेला शब्द. भारतीय जेवणाला मीना नाही, फातिमा नाही, अॅलिसच का? कारण तिच्या नावाची पहिली तीन अक्षरं लागतात.

```
Indian meal | partly | wiTH ALIce
THALI
```

इथेही मोजणं आहे, पण उलटं. अॅनाग्राममध्ये शेजारची अक्षरं आकड्याइतकीच लागतात. हिडनमध्ये ती आकड्यापेक्षा जास्त लागतात, कारण पुढे किंवा मागे टरफल उरायला हवं. इथे नऊ अक्षरांत पाच लपली आहेत. आणि उत्तर शब्दांमधल्या मोकळ्या जागेवरून उडी मारतं, म्हणून डोळ्याला दिसत नाही. ‘काही’, ‘थोडं’, ‘भाग’, ‘मधून’, ‘आत’ अशा अर्थाचा शब्द आला की मी शेजारचे शब्द मधली जागा काढून सलग लिहून काढते. गाडीत उभी असले तर बोटाने जागा झाकते. स्वल्पविराम, पूर्णविराम यांच्याकडे मुळीच बघायचं नाही. ते वाक्यात वरवर दिसणाऱ्या गोष्टीचे नोकर.

एक फसवणूक मात्र राहते. ‘इन’ हा शब्द. ‘पेरिल इन अनटायडी गार्डन’मध्ये तो नुसता टाका होता. दुसऱ्या चिठ्ठीत तो पुणे शहर लपवून बसला होता:

```
City found in pun entries (4)
```

‘इन’ काय करतोय हे ‘इन’कडे बघून कधीच कळत नाही. गार्डनशेजारी ‘अनटायडी’ होता आणि अक्षरांचा हिशेब जुळत होता. इथे विस्कटणारा कोणी नाही, शब्द मात्र विचित्र आहेत. शाब्दिक कोट्यांच्या स्पर्धेतल्या प्रवेशिकांमध्ये कोण शहर शोधतं? पुण्यात शोधत असतीलही, पण तो वेगळा विषय.

इथवर मला वाटत होतं की अर्धं कोडं तरी सुटेल. ऑक्टोबरमध्ये वर्तमानपत्रातल्या कोड्यात सहा-सात क्लू सुटत. गार्डियन या ब्रिटिश वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर शनिवारी येणारं ‘क्विक क्रिप्टिक’ मी याच सुमारास करायला लागले. ते फुकट आहे, चौकट लहान आहे, आणि त्या दिवशीच्या कोड्यात कोणत्या युक्त्या आहेत ते वर लिहिलेलं असतं. रोजच्या वर्तमानपत्रात मात्र उत्तरासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागे, आणि तिथे फक्त उत्तर असे, कारण नसे. रात्री उत्तर कळत नाही, सकाळी उत्तर कळतं पण ‘का’ कळत नाही. संध्याकाळी काकांकडे.

अडलं ते चॅरेडवर. चॅरेड म्हणजे आपली संधी. तुकडे एकापुढे एक जोडायचे, कावळ्यासारखे. यात इंडिकेटर असतोच असं नाही, आणि म्हणूनच तो ओळखायला अवघड. अॅनाग्राम आरडाओरडा करतो, हिडन कुजबुजतो, चॅरेड गप्प असतो.

```
Fruit for chap to leave (5)
```

चॅप म्हणजे माणूस, मॅन. टू लीव्ह म्हणजे जा, गो. मॅन, गो. कोकणातली माहेरवाशीण असून मला आंबा दिसायला वीस मिनिटं लागली.

```
Fruit | for | chap = MAN, to leave = GO
MAN + GO = MANGO
```

चॅरेडसाठी छोट्या शब्दांचा एक साठा लागतो, आणि तो इंग्लंडच्या आरमारातून, रेल्वेतून, क्रिकेटमधून आलेला असल्यामुळे आपल्याला परका वाटतो. ही यादी मात्र मी केली आणि तिचा उपयोग झाला, कारण ती छोटी आहे आणि तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात.

```
sailor: TAR, AB, SALT, JACK
worker: ANT, BEE, HAND
doctor: DR, MO, GP
day: MON, WED, D
```

काकांना ‘एबी’ समजावून सांगताना फार आनंद झाला. जहाजावरच्या कुशल खलाशाचा तो दर्जा, ‘एबल सीमन’. त्यांच्या नोकरीतल्या कागदपत्रांवर तो रोज यायचा. चाळीस वर्षांच्या नोकरीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं, म्हणाले.

तुकड्यांचा क्रम कधी कधी उलटा असतो, आणि तेव्हा तो सांगणारा एक शब्द असतो. ‘नंतर’, ‘मागून’, ‘आधी’.

```
Vegetable rubbish seen after vehicle (6)
```

वाशी मार्केटच्या बाहेर टेम्पो गेल्यावर पडलेला भाजीचा कचरा, हुबेहूब. म्हणून तर सांधा दिसत नाही. ‘व्हेजिटेबल रबिश’ हे दोन शब्द इतके चिकटलेत की त्यांच्या मध्ये कापायचं सुचत नाही. कापलं तर व्हेजिटेबल ही एकटी व्याख्या राहते. रबिश म्हणजे रॉट, व्हेइकल म्हणजे कार. रॉट दिसतो कारच्या नंतर.

```
Vegetable | ROT after CAR
CAR + ROT = CARROT
```

वाक्यात जे दोन शब्द सगळ्यात जास्त गुण्यागोविंदाने एकत्र नांदत असतील, त्यांच्या मध्येच सुरी लावून बघायची. हे माझं स्वतःचं निरीक्षण आहे, काकांचं नाही, आणि अर्ध्याहून जास्त वेळा ते कामी येतं.

आता तो डॉक्टर. १९ नोव्हेंबरची चिठ्ठी.

```
Doctor given one flying machine (5)
```

‘डॉक्टर’ हे क्रियापद म्हणून इंग्रजीत फेरफार करणं, भेसळ करणं असाही अर्थ देतं, आणि म्हणून तो अॅनाग्रामचा जुना, नावाजलेला इंडिकेटर आहे. शेजारी ‘गिव्हन’. अक्षरं पाच. कंसात पाच. मोजणीची परीक्षा पास. मी गोलात अक्षरं लिहिली आणि कल्याणपर्यंत, म्हणजे माझं स्टेशन सोडून पुढे, ती फिरवत बसले. त्या पाच अक्षरांतून दुसरा शब्दच होत नाही. मग चेंबर्स उघडली, एखादा जुना स्कॉटिश शब्द असेल म्हणून. दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी काकांकडे गेले. ते म्हणाले, “बरं, समज गिव्हन विस्कटलंस. मग वन काय करतोय?”

मी म्हटलं, “वन फ्लाइंग मशीन ही व्याख्या.”

“मग नुसतं फ्लाइंग मशीन लिहून चाललं नसतं का? वन कशाला ठेवलाय?”

तिसरं काहीही नको. प्रत्येक शब्द कामावर. मी मोजणीवर इतकी खूश होते की बेकार शब्दाकडे बघितलंच नव्हतं. डॉक्टर म्हणजे खरंच डॉक्टर, पाटीवर असतो तसा, दोन अक्षरांचा. त्याला दिला वन.

```
Doctor = DR | given | one = ONE | flying machine
DR + ONE = DRONE
```

‘गिव्हन’ हा नुसता जोडणारा शब्द. पाच अक्षरांचा निघाला तो योगायोग, किंवा काकांचा दुष्टपणा. विचारलं तर हसले. त्यामुळे मोजणी जुळली म्हणजे इंडिकेटर सिद्ध झाला असं नाही, मोजणी जुळली नाही तर तो बाद झाला एवढंच पक्कं. सिद्ध व्हायला दुसऱ्या टोकाला स्वच्छ व्याख्या उरावी लागते आणि मध्ये कोणी बेकार राहता कामा नये. आता मी दहा मिनिटांची मर्यादा ठेवते. दहा मिनिटांत अॅनाग्राम निघाला नाही तर तो अॅनाग्राम नाही असं धरून वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचते, आणि या वेळी इंडिकेटरला त्याच्या साध्या, रोजच्या अर्थाने घेते.

व्याख्या तपासायची एक पद्धत मला डिसेंबरमध्ये कळली, तीही उशिरा. व्याख्या आणि उत्तर एकाच व्याकरणाचे हवेत. व्याख्या नाम असेल तर उत्तर नाम, भूतकाळी क्रियापद असेल तर उत्तरही भूतकाळी. इंग्रजीत एकच शब्द नाम, क्रियापद, विशेषण सगळं होतो, आणि रचणारा वरच्या गोष्टीत एक रूप दाखवून उत्तरात दुसरं वापरतो. भाजीच्या कचऱ्यात व्हेजिटेबल विशेषण दिसतं, उत्तरात ते नाम आहे. म्हणून टोकाचा शब्द वाक्यातून उचलून वेगळ्या कागदावर एकटा लिहायचा आणि विचारायचं, तू आणखी कोण कोण असू शकतोस?

२१ डिसेंबरला क्विक क्रिप्टिक पहिल्यांदा पूर्ण झालं. जानेवारीत वर्तमानपत्रातलं निम्मं कोडं व्हायला लागलं. फेब्रुवारीत दोन आठवडे मार्चअखेरच्या तयारीमुळे काहीच नाही, आणि परत आल्यावर हात इतका गेलेला की पुन्हा दहा-बारावर. हे सगळ्यांचं होत असावं. माझं तरी झालं.

आणि मग ११ मार्च. सकाळी जाताना सोळा सुटले, जेवणाच्या सुट्टीत सहा, परतीच्या गाडीत घाटकोपरपर्यंत पाच. राहिला एक, खालच्या डाव्या कोपऱ्यात. या लेखातला हा एकच क्लू छापील कोड्यातला:

```
Day before long rains (7)
```

मधल्या काही उत्तरांबद्दल खात्री नव्हती म्हणून ती पेन्सिलने फिकट लिहिली होती. पक्कं एकच अक्षर होतं, दुसरं, ओ. मी पद्धतशीर गेले. विस्कटणारं कोणी नाही. लपवणारं कोणी नाही. म्हणजे बहुधा चॅरेड, आणि ‘बिफोर’ हा क्रम सांगणारा शब्द. डे च्या पुढे लाँग. डे म्हणजे डी किंवा एखादा वार. लाँग म्हणजे लांब, किंवा क्रियापद धरलं तर तळमळणं, झुरणं. वार अधिक झुरणं बरोबर पाऊस पडतो? ‘रेन्स’ क्रियापद असेल तर उत्तराच्या शेवटी एस येईल. ठाणं आलं, गेलं. काहीच होईना.

कळवा गेल्यावर मी माझीच सुरी काढली. कोणते दोन शब्द सगळ्यात जास्त गुण्यागोविंदाने आहेत? लाँग आणि रेन्स. लांबलेला पाऊस. कापले. आता ‘रेन्स’ एकटा, आणि एकटा झाल्यावर तो क्रियापद राहिला नाही, तो नुसता ‘पाऊस’ही राहिला नाही. आणि या बाजूला ‘डे बिफोर लाँग’. मी बिफोरला कामाला लावलं होतं क्रम सांगायच्या. पण बिफोर लाँग हे दोन शब्द मिळून एकच तुकडा होते: लवकरच. सून.

```
Day = MON | before long = SOON | rains
MON + SOON = MONSOON
```

जून ते सप्टेंबर याच रुळांवर पाण्यात अडकणाऱ्या बाईला हे सुचायला घाटकोपर ते मुंब्रा लागलं. पेन्सिलीची सगळी उत्तरं त्यात चपखल बसली. शेजारची मुलगी विचारत होती, काय झालं, कारण मी मोठ्याने ‘अरे!’ म्हटलं होतं.

रात्री वर गेले. काकांनी स्वतःचं कोडं दाखवलं. त्यांच्याकडे तोच कोपरा रिकामा होता. मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांनी हात वर केला. “सांगू नकोस. उद्या सकाळपर्यंत वेळ आहे.”

बुधवारच्या कोड्यात माझे अठ्ठावीसपैकी नऊ सुटले.